पुनर्मूल्यांकनाचा अर्ज : विधी शाखेच्या एका वादग्रस्त पेपरची गोष्ट आणि पत्राचा नमुना

दरवर्षी निकाल लागले की आमच्या ऑफिसात दोन-तीन विधी विद्यार्थी हमखास येतात. हातात उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि चार-पाच पानी पत्राचा मसुदा. मसुद्याची सुरुवात बहुधा राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 ने होते, मध्ये नैसर्गिक न्यायाची तत्त्वे येतात आणि शेवटी उच्च न्यायालयात जाण्याचा इशारा. मूळ तक्रार काय, ती तिसऱ्या पानावर सापडते. हे पत्र ज्याच्या टेबलावर पहिल्यांदा पडणार असतं तो न्यायाधीश नसतो, परीक्षा विभागातला कक्ष अधिकारी असतो. त्याला आसन क्रमांक, पेपरचा सांकेतांक आणि नेमकी कुठल्या पानावर काय चूक आहे एवढंच हवं असतं. बाकीचं तो वाचत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

मागे एका विद्यार्थिनीचं प्रकरण माझ्याकडे आलं होतं. त्यात या अर्जाच्या जवळजवळ सगळ्या खाचाखोचा होत्या, म्हणून तेच धरून सांगतो. तिचं आणि विद्यापीठाचं नाव देत नाही. पेपर होता फौजदारी कायद्याचा, 75 गुणांचा. उत्तीर्ण व्हायला 30 हवे होते, तिला पडले 26.

आधी छायाप्रत, मग पत्र

निकालाचं परिपत्रक संकेतस्थळावर लागतं त्यातच छायाप्रत, गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन यांच्या तारखा असतात. निकाल लागला त्या दिवशी ते परिपत्रक डाउनलोड करून ठेवा, कारण मुदत थोड्या दिवसांचीच असते आणि पुढे सगळं त्या तारखांवरच चालतं. तीन गोष्टी वेगळ्या आहेत हे लक्षात घ्या. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का हे पाहतात. पुनर्मूल्यांकनात दुसरा परीक्षक उत्तरं नव्याने तपासतो. छायाप्रत म्हणजे तुमच्याच तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत, आणि ती हातात आल्याशिवाय पत्र लिहायला बसणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. पत्र हे पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला पर्याय नाही. ऑनलाइन अर्ज भरायचाच, शुल्क भरायचंच, तेही मुदतीत. मग पत्र कशाला? त्या अर्जात फक्त आसन क्रमांक आणि पेपर निवडायची सोय असते. 'पुरवणीचं पान 3 तपासलेलंच नाही' किंवा 'परीक्षकाने जो कायदा धरला तो या प्रश्नाला लागूच होत नाही' हे सांगायला त्यात रकाना नसतो. दुसऱ्या परीक्षकाकडे उत्तरपत्रिका जाते तेव्हा तुमचं म्हणणं सोबत जातच नाही, आणि पहिल्याने केलेली चूक दुसराही करू शकतो. पत्र त्या रिकाम्या जागेसाठी आहे.

उत्तरपत्रिका तीनदा वाचायची

पहिल्या वाचनात उत्तरं वाचूच नका. पानं मोजा. अक्षर आपलंच आहे ना, मुखपृष्ठावर पुरवण्यांची जी संख्या आपण लिहिली होती तेवढ्या पुरवण्या प्रतीत आहेत ना, एवढंच बघा. पुरवणी सुटून दुसरीकडे गेली असेल तर सगळी तक्रार त्या एका गोष्टीत संपते, आणि ती लगेच सांगायची असते.

दुसऱ्या वाचनात आतले गुण आणि मुखपृष्ठावरचा तक्ता समोरासमोर ठेवा. आमच्या विद्यार्थिनीचा तक्ता असा होता : प्रश्न 1 ला 7, प्रश्न 2 ला 6, प्रश्न 4 ला 3, प्रश्न 5 ला 5, आणि प्रश्न 6 मधल्या तीन टिपांपैकी 'क' ला 3, 'ग' ला 2. बेरीज 26, बरोबर. पण 'ख' च्या चौकटीत काहीच नव्हतं. शून्य नव्हे, चौकट कोरी. आत पाहिलं तर टीप ख पुरवणी क्रमांक 2 च्या तिसऱ्या पानावर होती, आणि त्या पानावर तांबड्या शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. बरोबरची खूण नाही, फुली नाही, रेघ नाही. शून्य देणाराही निदान एक तिरकी रेघ ओढतो. कोरं पान दिसलं की समजायचं, इथे नजर पोचलेलीच नाही.

तिसऱ्या वाचनात एकेक उत्तर प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून वाचायचं, आणि वाचताना स्वतःला प्रश्न विचारायचा : मला इथे कमी गुण पडले असं वाटतंय, की इथे चूक झाली आहे हे मी बोट ठेवून दाखवू शकतो? या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिला प्रश्न 1 बद्दलही तक्रार करायची होती. पंधरापैकी सातच का, मैत्रिणीने तेवढंच लिहून अकरा मिळवले, असं तिचं म्हणणं. मी ती बाजूला ठेवायला लावली. सात की अकरा हा परीक्षकाच्या मताचा भाग. त्यावर पत्रात एक ओळ जरी लिहिली तरी कक्ष अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर 'गुण वाढवून मागणारी आणखी एक' असं चित्र उभं राहतं, आणि उरलेल्या दोन खऱ्या तक्रारीही त्याच ढिगात जातात. प्रश्न 1 चं जे व्हायचं ते पुनर्मूल्यांकनाच्या अर्जातून होईल, त्यासाठी शुल्क भरलंच आहे.

वाद नेमका कशाचा होता

खरा वाद प्रश्न 4 चा. 15 गुणांचा प्रसंगाधारित प्रश्न होता. 28 जून 2024 च्या रात्री दोघांत अचानक भांडण होतं, एकजण हाताला लागलेली लोखंडी सळई दुसऱ्याच्या डोक्यात घालतो, तो त्याच रात्री मरतो. आरोपीच्या फौजदारी दायित्वाची चर्चा करा, एवढाच प्रश्न.

तिने उत्तर लिहिलं भारतीय दंड संहितेवर. कलम 299, मग कलम 300 चा चौथा अपवाद म्हणजे पूर्वनियोजनाशिवाय अचानक झालेलं भांडण, आणि शेवटी कलम 304. परीक्षकाने पहिल्याच परिच्छेदाच्या समासात लिहिलं, 'जुना कायदा. भा.न्या.सं. लिहा', आणि तीन गुण दिले. पुढच्या तीन पानांवर खुणाच नव्हत्या.

परीक्षकाचा मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे. भारतीय न्याय संहिता, 2023 लागू झाली आहे, हीच कलमं तिथे 100, 101 आणि 105 या क्रमांकांनी आली आहेत, अभ्यासक्रमही बदलला आहे. पण न्याय संहिता लागू झाली 1 जुलै 2024 पासून. प्रसंगातला गुन्हा त्याच्या तीन दिवस आधीचा. न्याय संहितेचं कलम 358 दंड संहिता रद्द करतं आणि त्याच कलमात आधीच्या गुन्ह्यांसाठीचं दायित्व आणि शिक्षा कायम ठेवतं. वर घटनेचा अनुच्छेद 20(1) : कृत्य घडलं त्या वेळी अमलात असलेल्या कायद्याचा भंग झाला असेल तरच दोषी धरता येतं. म्हणजे या प्रसंगाला दंड संहिताच लागू. विद्यार्थिनीने जुनं पाठांतर उतरवलं नव्हतं, तारीख वाचली होती.

ही तक्रार पत्रात टिकते, कारण ती सिद्ध करायला प्रश्नपत्रिकेतली एक तारीख आणि कायद्याचं एक कलम पुरे होतं. मत द्यावं लागत नाही.

आता तोच प्रसंग जरा बदलून बघा. डोक्यात सळई बसली 28 जूनला आणि माणूस रुग्णालयात 3 जुलैला मेला, असं असतं तर? कृत्य जुन्या कायद्याखाली, परिणाम नव्या कायद्याच्या काळात. विद्यार्थिनीचं म्हणणं तेव्हाही बहुधा बरोबर ठरलं असतं, पण ते पटवायला अर्धं पान युक्तिवाद करावा लागला असता, आणि मग ती उघड चूक न राहता मतभेद झाला असता. किंवा प्रश्नातच 'भारतीय न्याय संहितेनुसार चर्चा करा' असं छापलेलं असतं, तर परीक्षकच बरोबर. त्यामुळे असा मुद्दा सापडला की पेपर पुन्हा उघडून प्रश्नाचे शब्द अक्षरशः वाचा. आपल्याला आठवतात ते शब्द आणि छापलेले शब्द नेहमी एकच नसतात.

उघड चूक आणि मतभेद यांतली ही रेघ मी मनाने ओढलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने रण विजय सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या 2017 च्या निकालात ती ओढली आहे. नियमांत पुनर्मूल्यांकनाची तरतूद असेल तर प्राधिकरण ते करू शकतं. तरतूद नसेल तर चूक अगदी स्पष्टपणे, अनुमानांची साखळी न लावता दाखवता आली तरच, आणि तेही विरळा प्रकरणात, न्यायालय हात घालेल. न्यायालयाने स्वतः उत्तरपत्रिका तपासायला बसू नये, आणि शंका उरली तर फायदा परीक्षा घेणाऱ्याला. त्याआधी 2010 मध्ये हिमाचल प्रदेश लोकसेवा आयोग विरुद्ध मुकेश ठाकूर हे प्रकरण झालं. ते तर दिवाणी न्यायाधीश पदाच्या परीक्षेतल्या कायद्याच्याच पेपरचं होतं. उच्च न्यायालयाने उत्तरपत्रिका मागवून स्वतः पाहिली, आणि सर्वोच्च न्यायालयाला ते मान्य झालं नाही. आणि या सगळ्याच्या मुळाशी आपल्याच राज्य मंडळाचं प्रकरण आहे, परितोष भूपेशकुमार शेठ, 1984 चं. नियमांत नसेल तर पुनर्मूल्यांकन हा हक्क म्हणून मागता येत नाही, हे तिथे ठरलं.

हे निकाल पत्रात घालायचे नाहीत. आपली तक्रार कुठवर ताणता येईल हे स्वतःला कळावं म्हणून ते वाचायचे. न्यायालयात टिकणार नाही अशी तक्रार पत्रात घालून धमकी देण्यात अर्थ नसतो. विद्यापीठाच्या विधी कक्षाला हे सगळे निकाल तोंडपाठ असतात.

पत्र कोणाला लिहायचं

जुने विद्यार्थी अजूनही 'परीक्षा नियंत्रक' म्हणतात, आणि बोलण्यात तसं म्हणायला हरकत नाही. पण महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 आल्यापासून राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत हे पद 'संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ' असं झालं आहे. अभिमत आणि खासगी विद्यापीठांत, राष्ट्रीय विधी विद्यापीठांत किंवा स्वायत्त महाविद्यालयांत परीक्षा नियंत्रक हे पद असू शकतं. मग पत्र त्यांनाच. पदनाम गुणपत्रिकेवर किंवा निकालाच्या परिपत्रकाखाली सहीशी छापलेलं असतं, तेच उचला. व्यक्तीचं नाव घालू नका, अधिकारी बदलतात.

पत्र थेट पाठवा आणि प्रत प्राचार्यांना द्या. काही विद्यापीठं 'प्राचार्यांमार्फत' असा आग्रह धरतात. तिथे महाविद्यालयाच्या कार्यालयात दोन दिवस जाणार हे मुदतीत धरून चाला. परीक्षेची तारीख जवळ असेल तर कार्यालयीन अधीक्षकांना गाठून बोला, शिपायाकडे पत्र सोडून येऊ नका.

पत्र

तिचा चार पानी मसुदा कापून शेवटी हे एवढं उरलं. रिकाम्या जागी आपले तपशील भरायचे.

दिनांक : ........

प्रति,
मा. संचालक,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
........ विद्यापीठ.

विषय : विधी शाखा, सत्र ...., फौजदारी कायदा (पेपर सांकेतांक ....) या पेपरमधील प्र. 6 (ख) न तपासला गेल्याबाबत व प्र. 4 च्या पुनर्मूल्यांकनाबाबत.

संदर्भ : 1) निकाल परिपत्रक क्र. ...., दि. ....
2) छायाप्रत अर्ज क्र. ...., प्रत मिळाल्याची तारीख ....
3) पुनर्मूल्यांकन अर्ज क्र. ...., शुल्क पावती क्र. ....

महोदय/महोदया,

मी ........ महाविद्यालयाची विद्यार्थिनी असून माझा आसन क्रमांक .... व कायम नोंदणी क्रमांक .... आहे. वरील पेपरमध्ये मला 75 पैकी 26 गुण मिळाले आहेत. उत्तरपत्रिकेची छायाप्रत पाहिल्यावर पुढील दोन बाबी आढळल्या.

1) प्र. 6 (ख) चे उत्तर पुरवणी क्र. 2, पान 3 वर लिहिलेले आहे. त्या पानावर तपासणीची कोणतीही खूण नाही व मुखपृष्ठावरील तक्त्यात 6 (ख) समोरील चौकट कोरी आहे. हे उत्तर तपासले गेलेले नाही असे दिसते. मुखपृष्ठाची व सदर पानाची प्रत सोबत जोडली आहे (सहपत्र 1 व 2).

2) प्र. 4 मधील घटना दि. 28 जून 2024 ची आहे. मी भारतीय दंड संहितेची कलमे 299, 300 (अपवाद 4) व 304 यांच्या आधारे उत्तर लिहिले आहे (मुख्य उत्तरपत्रिका, पान 9 ते 12). समासात 'जुना कायदा. भा.न्या.सं. लिहा' असा शेरा असून 15 पैकी 3 गुण दिले आहेत. भारतीय न्याय संहिता, 2023 ही 1 जुलै 2024 पासून लागू झाली असून तिच्या कलम 358 अन्वये त्यापूर्वीच्या गुन्ह्यांबाबतचे दायित्व भारतीय दंड संहितेनुसार कायम राहते. त्यामुळे या प्रश्नातील घटनेस भारतीय दंड संहिता लागू होते. प्रश्नपत्रिकेची प्रत सोबत जोडली आहे (सहपत्र 3).

तरी विनंती की,
अ) प्र. 6 (ख) चे उत्तर तपासून गुण देण्यात यावेत;
आ) प्र. 4 बाबतचा वरील मुद्दा संबंधित विषयाच्या परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांकडे अभिप्रायासाठी पाठवून त्यानुसार प्र. 4 चे पुनर्मूल्यांकन करण्यात यावे;
इ) या अर्जावरील निर्णय मला लेखी कळविण्यात यावा.

पुढील परीक्षेचे अर्ज भरण्याची अंतिम तारीख .... आहे. त्यापूर्वी निर्णय मिळाल्यास उपकृत होईन.

आपली विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, भ्रमणध्वनी, ई-मेल)

सहपत्रे : 1) मुखपृष्ठाची प्रत 2) पुरवणी क्र. 2, पान 3 3) प्रश्नपत्रिका 4) मुख्य उत्तरपत्रिका पान 9 ते 12 5) शुल्क पावती 6) गुणपत्रिका

प्रत माहितीसाठी : मा. प्राचार्य, ........ महाविद्यालय.

असंच का लिहिलं

न तपासलेलं उत्तर पहिल्या क्रमांकावर ठेवलं, कारण त्यात वाद नाही. वाचणाऱ्याने सहपत्र उलटलं की त्याला ते दिसतं आणि तो मान डोलावतो. एकदा मान डोलावली की दुसरा मुद्दा तो जरा मोकळ्या मनाने वाचतो. उलट क्रमाने लिहिलं असतं तर पहिल्याच परिच्छेदात कायद्याची कलमं आली असती, आणि फाइल 'विषयतज्ज्ञांकडे' असा शेरा मारून बाजूला पडली असती. साधी पडताळणीही मग तिथेच अडकली असती.

'मला 15 पैकी 11 गुण मिळायला हवेत' असं कुठेही लिहिलेलं नाही. किती गुण द्यायचे हे सांगणं आपलं काम नव्हे. आकडा लिहिला की पत्राचा सूर सौदेबाजीचा होतो.

परीक्षकाबद्दल एकही विशेषण नाही. मूळ मसुद्यात 'परीक्षकांच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे माझे शैक्षणिक वर्ष धोक्यात आले आहे' असं वाक्य होतं. त्याजागी 'समासात असा शेरा आहे' एवढंच राहिलं. शेरा जसाच्या तसा उद्धृत केला की वाचणाऱ्याला काय समजायचं ते समजतं. घरची परिस्थिती, वडिलांचं आजारपण, नोकरी हे सगळं काढलं. ते खोटं होतं म्हणून नव्हे. त्यातल्या एकाही गोष्टीमुळे कुठल्या पानावरचा कुठला गुण बदलत नाही, म्हणून.

परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांचा उल्लेख मात्र मुद्दाम केला आहे. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आपोआप दुसऱ्या परीक्षकाकडे जातो. त्याच्याकडे तोच आदर्श उत्तरांचा कागद असेल आणि त्यात न्याय संहितेचीच कलमं असतील, तर तोही तीनच गुण देईल. चूक एका माणसाची नसून गुणदानाच्या योजनेत असू शकते, आणि ती दुरुस्त करायचा अधिकार वरच्या पातळीवर असतो. तसं झालं तर त्या पेपरला बसलेल्या आणि तारीख वाचून लिहिलेल्या इतर मुलांनाही ते लागू व्हायला हवं. वर्गात आणखी कोणाचं असं झालं असेल तर प्रत्येकाने आपापलं पत्र द्यावं. वीस सह्यांचं एकच निवेदन दिलं तर ते 'विद्यार्थ्यांच्या मागण्या' या फाइलीत जातं, कोणाच्याच उत्तरपत्रिकेपर्यंत पोचत नाही.

द्यायचं कसं

दोन प्रती घ्या. एक आवक-जावक विभागात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. 'ठेवून जा, साहेब बघतील' असं म्हणाले तर हसून तिथेच थांबा. पोच नसलेलं पत्र पुढे कुठेच उपयोगी पडत नाही. त्याच दिवशी तेच पत्र सहपत्रांसह एकाच पीडीएफमध्ये परीक्षा विभागाच्या अधिकृत ई-मेलवर पाठवा, विषयात आसन क्रमांक आणि आवक क्रमांक लिहून. गावाहून येणं शक्य नसेल तर स्पीड पोस्ट चालतं, पण पोच मुदतीच्या आतली हवी.

छायाप्रतीवर स्वतः पेनाने काही लिहू नका, अगदी गोलसुद्धा नको. दाखवायचंच असेल तर त्या पानाची आणखी एक प्रत काढून तिच्यावर पेन्सिलने खूण करा. आणि परीक्षक कोण होते हे शोधत बसू नका. अक्षरावरून ओळखून सरांना फोन केल्याची उदाहरणं माझ्या पाहण्यात आहेत, आणि त्यातून विद्यार्थ्यावरच गैरप्रकाराचं बालंट यायची वेळ आलेली आहे.

उत्तर आलं नाही तर

पंधरा दिवस वाट बघून तीन ओळींचं स्मरणपत्र द्या, पहिल्या पत्राचा आवक क्रमांक लिहून. त्यानंतर माहितीचा अधिकार. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे आणि परीक्षार्थीला ती बघता येते, तिची प्रत मागता येते, असं ठरवलं. परीक्षकाचं नाव मात्र मिळत नाही. त्यामुळे छायाप्रतीची मुदत हुकलेल्यांनाही हा रस्ता उरतो. पण त्याच निकालाने हेही सांगितलं की हा अधिकार पाहण्याचा आहे, त्यातून पुनर्मूल्यांकनाचा हक्क निर्माण होत नाही. आणि माहिती द्यायला कायद्याने 30 दिवस असतात, तोवर पुनर्मूल्यांकनाची मुदत कधीच उलटून गेलेली असते. म्हणून छायाप्रतीसाठी विद्यापीठाचीच वाट आधी धरा.

आपल्याला इथे माहितीचा अधिकार वापरायचा तो पत्राचं काय झालं हे कळण्यासाठी. अर्जात एवढंच मागा : आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या पत्रावर आजवर झालेली कार्यवाही आणि नस्तीवरील टिप्पण्यांची प्रत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावरचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. विधीच्या विद्यार्थ्यांना हे जड जातं खरं. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं. अनेकदा अशा अर्जाला उत्तर येण्याआधीच मूळ पत्राला उत्तर येतं, कारण नस्तीवर काहीच टिप्पणी नाही हे कोणाला लेखी द्यायचं नसतं.

त्यापुढची पायरी विद्यार्थी तक्रार निवारण समिती, आणि तिच्यावर लोकपाल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनी ही व्यवस्था घालून दिली आहे आणि मूल्यमापनातली अपारदर्शक किंवा अन्यायकारक पद्धत ही त्यात तक्रार म्हणून धरली आहे. तिथेही हेच दोन मुद्दे, हीच सहपत्रं, पोच लावून. नवीन मुद्दे घालू नका. रिट याचिका सगळ्यात शेवटी, आणि वर सांगितलेल्या निकालांच्या चौकटीत बसत असेल तरच. न तपासलेलं उत्तर त्यात सहज बसतं. सात की अकरा हा वाद बसत नाही.

तोपर्यंत काय करायचं

पुढच्या परीक्षेचा अनुशेषाचा अर्ज भरून टाका. पुनर्मूल्यांकन चालू आहे म्हणून अर्ज न भरणारे दरवर्षी भेटतात. निकाल प्रतिकूल लागला आणि अर्जाची मुदत गेली की अख्खं सत्र वाया. शेवटच्या वर्षात असाल तर सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा दोन्ही त्याबरोबर पुढे ढकलल्या जातात. भरलेलं शुल्क बुडालं तरी चालेल.

पुनर्मूल्यांकनात गुण कमी होऊ शकतात का, आणि किती फरक पडला तर तो ग्राह्य धरतात, हे प्रत्येक विद्यापीठाच्या अध्यादेशात वेगवेगळं असतं. अर्ज भरण्याआधी ते कलम शोधून वाचा. काठावर उत्तीर्ण झालेल्याने तर आधी तेच वाचावं.

आमच्या विद्यार्थिनीचा निकाल पाच आठवड्यांनी आला. टीप ख ला 3 गुण मिळाले. त्याने बेरीज 29 झाली, म्हणजे नुसत्या पडताळणीवर ती एका गुणाने नापासच राहिली असती. प्रश्न 4 चे तीनाचे आठ झाले. प्रश्न 1, ज्याच्यावर ती सगळ्यात जास्त चिडली होती, तो सातावरून सहावर आला. एकूण 33. नवीन गुणपत्रिका मिळायला जुनी मूळ गुणपत्रिका परत द्यावी लागली. ती देण्याआधी तिची रंगीत प्रत काढून घेतली होती, म्हणून मधल्या काळात शिष्यवृत्तीचा अर्ज अडला नाही.